सगळ्या चांदण्या पिवळ्या

आंबू लागलेल्या खळीचा वास कुठेही आला, तरी अजून माझी मान आपोआप मागे वळते. तांदळाच्या पिठीची ती पातळ, निळसर पांढरी खळ. चैत्राच्या दुपारी तासाभरात तिला आंबूस वास सुटे, आणि त्यात कोळशाच्या भुकटीचा कोरडा वास, ओल्या मडक्याचा थंड वास मिसळत जाई. शोभेची दारू करणाऱ्यांच्या घराला गंधकाचा, जळक्या धुराचा वास असेल अशी लोकांची समजूत असते. तो वास जत्रेचा. आमच्या घरचा वास अजून न पेटलेल्या गोष्टींचा होता. सगळं काही घडायचं शिल्लक असल्यासारखा.

नेवाशाच्या पुढे, प्रवरेच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या वस्तीपासून लांब, बाभळींच्या पडीक रानात वडिलांची शेड होती. जाड भिंती आणि हलकं छप्पर, म्हणजे उडालंच तर वर उडावं, बाजूला नाही. आत वीज नव्हती, विस्तव तर नव्हताच. खळसुद्धा घरच्या गॅसवर शिजवून, निववून, डब्यातून तिथे नेली जाई. दाराशी तांब्याचा एक पत्रा जमिनीत गाडलेल्या तारेला जोडलेला होता. आत शिरणाऱ्यानं त्यावर तळहात टेकवायचा आणि अंगातली वीज मातीला द्यायची. मग गप्प व्हायचं. त्या शेडमध्ये मोठ्यानं बोललेलं मी कधी ऐकलं नाही.

औटगोळा आकाशात फुटला की त्यातून जे रंगीत ठिपके उधळतात, त्यांना आम्ही चांदण्या म्हणत असू. हातात घेतलं तर करड्या, मळकट गोळ्या, हरभऱ्याएवढ्या. त्यांच्यात रंग कुठे आहे हे पाहून कधीच कळत नसे. लहानपणी वडिलांनी मला फडताळातले डबे उघडून दाखवले होते. लाल ज्यातून निघतो ते स्ट्रॉन्शियमचं मीठ पांढरं होतं. हिरवा ज्यातून निघतो ते बेरियमचं, तेही पांढरंच. तांब्याची पूड तेवढी फिकी हिरवी होती, आणि तिच्यातून म्हणे निळा निघतो. मी विचारलं होतं, मग लाल आत कुठे झोपलाय?

"झोपलेला नसतो," वडील म्हणाले होते. "जाळात धातूचा कण तापतो, पायरी चढून वर जातो. वर टिकत नाही. खाली उतरताना अंगावरचा उजेड टाकून देतो. ज्याची पायरी जेवढी, तसा त्याचा रंग. पायऱ्या ज्याच्या त्याच्या ठरलेल्या. त्यात बदल नाही."

पुढे मी मराठी शिकले, कविता शिकले, दुसऱ्या शहरातल्या महाविद्यालयात शिकवू लागले; पण रंगाची याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडली नाही. उतरताना टाकून दिलेला उजेड.

त्या फडताळात पिवळा मात्र नसे. पिवळ्याचा डबा, म्हणजे सोडियमचा, घरी वेगळ्या कपाटात कुलपात. त्याची चाळणी वेगळी, पाट वेगळा, आणि पिवळ्या चांदण्या सगळ्यांत शेवटी करायच्या, बाकीचे रंग वाळून डब्यांत बंद झाल्यावर. कारण सोडियम चिमूटभरही पुरतो. तो फार थोड्यात फार मोठ्यानं पेटतो आणि शेजारच्याचा आवाज बुडवतो. "पिवळा एकदा आत शिरला की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही," असं वडील म्हणत. निळ्याची तर त्याच्यापुढे काहीच मात्रा चालत नाही. निळा मुळातच हळवा. जाळ थोडा जास्त तापला तरी मोडतो.

मी सांगते आहे त्या चैत्राला दहा-बारा वर्षं झाली. तेव्हा बेरियमला मनाई नव्हती, आता आहे. परीक्षा संपवून मी महिनाभरासाठी माहेरी आले होते. आई माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला संगमनेरला गेलेली. घरी वडील, मी, आणि सकाळ-संध्याकाळ येणारी मावशी.

मावशी नात्याची नव्हे. तीस वर्षं आमच्या शेडमध्ये चांदण्या वळणारी बाई. भुकटी चाळायची, खळीनं भिजवायची, वड्या कापायच्या, सावलीत पसरायच्या, आणि हे सगळं लाकडाच्या पाटावर, सुती लुगड्यात, जवळजवळ श्वास न घेता. तिचा नवराही आमच्याकडेच कामाला होता. मी चौथीत असताना तो गेला. तेव्हा काही लोक क्लोरेट या दारूतल्या क्षारात गंधक मिसळत. स्वस्तात मोठा आवाज. आमच्याकडेही मिसळलं जाई. खलबत्त्यात नुसत्या घासण्यानं ते मिश्रण पेटलं. जुनी शेड बसली. गावानं लांबून जे पाहिलं ते एवढंच, की बाभळींच्या मागे एक मोठा पिवळा उजेड उभा राहिला आणि पडला. त्यानंतर वडिलांनी क्लोरेटला हात लावला नाही. नवी शेड शंभर पावलं अलीकडे बांधली. जुन्याचं जोतं तसंच राहिलं, त्यावर घाणेरी माजली.

मी आले त्या आठवड्यात मावशीला भोवळ येत होती. काम उरकलं की ती शेडच्या पडवीत भिंतीला टेकून बसे, डोळे मिटलेले, ओठ पांढरे.

"नजर लागली म्हनायची," ती म्हणाली. "तुझी आई असती तर काढली असती. तू काढ, पोरी. शिकलीस म्हनून हात झडत न्हाई."

मी हसले. दुसऱ्या संध्याकाळी घरून मूठभर मीठ आणि मोहरी पदराला बांधून आणली.

"मोहरी नगं," ती लगेच म्हणाली. "दारूपाशी तडतडनारं काय बी नगं. नुसतं मीठ."

"मीठ चुलीत टाकतात ना? इथं चूल कुठली?"

"मंग पान्यात टाकायचं. विरघळलं की झालं. आन टाकायला जाताना बोलायचं न्हाई, मी बी बघनार न्हाई. बघितलं की परत येतं."

ती पूर्वेला तोंड करून बसली. मी मूठ तिच्या कपाळावरून पावलांपर्यंत उतरवली, तीनदा. आल्यागेल्याची, घरच्यादारची, असं आईच्या तोंडून ऐकलेलं काहीबाही पुटपुटले. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. मग न बोलता पडवीच्या टोकाला गेले. तिथे फडक्यानं तोंड झाकलेलं एक लहान मडकं होतं, अर्धं भरलेलं. मूठ त्यात सोडली. मीठ बुडताना बारीक, कुजबुजल्यासारखा आवाज झाला. असं तीन संध्याकाळी केलं. चौथ्या दिवशी मावशीची भोवळ थांबली, आणि मला, इतकी पुस्तकं वाचलेल्या मला, त्याचा चोरटा आनंद झाला.

गावच्या देवाच्या यात्रेला आठ दिवस होते. नेहमीप्रमाणे दारूकामाआधी चांदण्यांची चाचणी होती. दिवस मावळला, पण आकाशात उजेड होता, अशा वेळी वडिलांनी मोकळ्या रानात विटा मांडल्या आणि एकेका विटेवर एकेक चांदणी ठेवली. यात्रा कमिटीचा अध्यक्ष मोटारसायकलवरून बघायला आला होता. मावशी आणि मी लांब उभ्या होतो.

पहिली लालची. वडिलांनी लांब काठीच्या टोकानं पेटवली. ती फुरफुरली आणि भगव्याकडे झुकलेली पिवळी जळली.  हिरव्याची पेटवली, ती विटलेल्या हळदीसारखी पिवळी. निळ्याच्या चांदणीत निळा शोधूनही सापडला नाही. पिवळीच.

"काय अण्णा," अध्यक्ष हसला, "औंदा देवाची हळद उरकायची हाय का?"

 वडिलांनी उरलेल्या साऱ्या एकदम पेटवल्या. त्या उजेडात मी मावशीकडे पाहिलं. तिच्या लुगड्याची लाल किनार काळी झाली होती. ओठ काळे, डोळ्यांभोवती राखेची वर्तुळं, त्वचा रक्ताचा थेंबसुद्धा नसल्यासारखी. वडीलही तसेच. माझे हातसुद्धा. तो उजेड एकाच रंगाचा होता, आणि ज्याला तो रंग परत करता येत नव्हता ते सगळं त्यात मेलं होतं. पाच माणसांचे फोटो जुन्या ओल्या भिंतीवर लावावेत तसे आम्ही उभे होतो. पाच नव्हे, चार. मी मोजले, तरी पुन्हा मोजावेसे वाटले.

चांदण्या विझल्या. अध्यक्षाचं हसू गेलं होतं. तो मावशीकडे न पाहता वडिलांना म्हणाला, "ह्याच उजेडात गेल्ता हिचा मालक. आख्ख्या गावानं बघितलाय. अण्णा, ह्या बाईच्या हातची दारू देवापुढं उडायची न्हाई. गावात कोन ऐकनार न्हाई. तुमी बघा काय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या अंगणात वडिलांनी स्पिरिटचा दिवा लावला. त्याच्या फिक्या, जवळजवळ न दिसणाऱ्या ज्योतीत तार आधी लाल होईपर्यंत तापवली, म्हणजे तिच्यावरचा जुना रंग जळून जावा. मग स्ट्रॉन्शियमच्या मिठाचा कण तारेवर घेतला. ज्योत तांबडी झाली, डाळिंबाच्या दाण्यासारखी चोख. बेरियम: कैरीच्या सालीचा हिरवा. तांबं: निळ्याची कड असलेला हिरवट. घरच्या डब्यातली खळ वाळवून तीही जाळून पाहिली. स्वच्छ.

"माल चोख आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "मग हात उरले."

घामातही मीठ असतं. तारेला नुसतं बोट लागलं तरी ज्योत पिवळी होते, हे मी शाळेच्या वयापासून पाहिलेलं. मावशी आली तेव्हा वडील खाली मान घालून तिला म्हणाले, "वैनी, यात्रा होईस्तोवर विसावा घ्या."

"हाताला घाम सुटतो म्हनता?"

"वय झालं आपलं, वैनी."

"तीस वर्सं न्हवता सुटत." ती एवढंच म्हणाली. अंगणातल्या नळाखाली तिनं हात धुतले. पुन्हा धुतले. मी टॉवेल पुढे केला तो तिनं घेतला नाही, आणि ओले हात अंगापासून लांब धरून, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते, ती फाटकातून बाहेर गेली.

दुपारी मी वडिलांबरोबर शेडवर गेले, मावशीच्या जागी चाळायला. पत्र्यावर तळहात टेकवला. वडिलांनी खळ पातळ करायला पडवीतलं मडकं उचललं, तेच, फडक्यानं झाकलेलं. माझ्या तोंडून निघालं, "ते प्यायचं पाणी ना?"

"नाही गं. हे पावसाचं. मृगातलं, कॅनमध्ये साठवलेलं. आपल्या विहिरीचं मचूळ आहे. त्यात मीठ, मीठ म्हणजे सोडियम. दोन वर्षांपासून हेच वापरतो. मडक्यातलं संपत आलं की कॅनमधून भर घालतो. मी आणि वैनी सोडून ह्याला कुणी हात लावत नाही."

मला त्या मिठाचा बुडतानाचा आवाज ऐकू आला.

आता लिहिताना वाटतं, त्या क्षणी तीन शब्द पुरले असते. पण मी वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी बाई होते. ओठावर आलेले शब्द तिथेच वाळले. मी पुढे झाले, मडकं त्यांच्या हातून घेतलं आणि सोडलं. सुटलं म्हटलं तर सुटलं. पडवीच्या कडेवर त्याची पाच खापरं झाली, पाणी मातीत गेलं.

"अगं! लक्ष कुठंय तुझं?" वडील म्हणाले. माझ्यावर त्यांनी क्वचितच आवाज चढवला असेल. नवं मडकं आलं, कॅनमधलं पाणी आलं, पाट घासूनपुसून निघाले. नव्या चांदण्या मी वळल्या. चैत्राच्या वाऱ्यात त्या दोन दिवसांत वाळल्या.

आणि तिसऱ्या संध्याकाळी विटांवर लाल लाल जळला. हिरवा हिरवा. निळा क्षणभर थरथरला आणि पाण्याच्या तळाशी असतो तसा स्थिर झाला. अध्यक्षानं मोटारसायकलच्या टाकीवर थाप मारली.

"बगा! बाई गेली, रंग आला. मी म्हनत न्हवतो? तिचा मालक तिच्या हातात बसला हुता, अण्णा."

मला वाटलं होतं, रंग परत आले की सगळं निस्तरेल. उलट झालं. मी पुरावा फोडून मातीत मिळवला होता, आणि उरलं ते एवढंच: मावशी होती तेव्हा पिवळा, मावशी नाही तेव्हा तीन रंग. गावाला आणखी काय हवं होतं? पिठाच्या गिरणीत तिचा डबा बाजूला ठेवला गेला. कुणाच्या तरी पोराला ताप आला तसं त्याच्या आईनं तिच्या दारावरून जाणं सोडलं.

मावशीला भेटायचं म्हणून मी तिच्या घरी गेले, तर कडी. शेजारीण हातवारे करून म्हणाली, "रानात. रोजच्याला जाती दिस कलला की."

ती जुन्या शेडच्या जोत्यावर बसली होती. घाणेरीची फुलं मिटत आली होती. तिच्यापुढे दगडावर भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा. बाभळींत वारा नव्हता. ती कुणाशी तरी नुकतंच बोलून थांबल्यासारखी दिसत होती, आणि मला पाहून तिनं, शेजारी बसलेल्या माणसाला जागा करून द्यायला सांगावं, तशी थोडी मान वळवली.

"मावशी, घरी चला."

"बस की. बगितलंस न्हवं त्या दिशी? कसा आला सगळ्या चांदण्यांत. एकीत बी दुसरा रंग ठिवला न्हाई." तिच्या आवाजात भीती नव्हती.  "लई वर्सांनी आला. लोक म्हनत्यात, रागावलाय. रागावला असता तर मला भाजलं नसतं? बोलावतोय तो. यात्रेची दारू उडाली की मी बी येते, म्हनलं त्याला."

"कुठे येता?"

तिनं जोत्याच्या मधोमध असलेल्या काळ्या खड्ड्याकडे हनुवटी केली, जिथे एकेकाळी खलबत्ता असे. "दोन दिस झालं, घास उतरत न्हाई. बरं वाटतंय."

मी तिथून चालत निघाले आणि बांधापाशी आल्यावर पळाले.

वडील अंगणात रिकाम्या औटगोळ्यांना सुतळी गुंडाळत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. दृष्ट, मूठ, मडकं, तीन संध्याकाळी. मडकं सुटलं नव्हतं, मी सोडलं होतं, हेही. त्यांनी सुतळीचं टोक दातांतून काढलं.

"आणि तू तीन दिवस गप्प?"

"हो."

"वैनीला मी हात धुवायला लावले." ते म्हणाले. मग उठले. "पण आता कोण मानील? मडकं तर फुटलं."

ते फुटलं होतं, पण गेलं नव्हतं. आम्ही दोघं बॅटरी घेऊन शेडच्या पडवीत गेलो. खापरं मीच कडेला लोटली होती. कच्च्या भाजणीचं मडकं. पाणी त्यातून सतत पाझरतं, बाहेर येऊन वाळतं, आणि पाण्यात जे विरघळलेलं असतं ते अंगावर सोडून जातं. प्रत्येक खापराच्या बाहेरच्या बाजूला पांढरा, भुरभुरीत थर चढला होता, कातडीवर घाम वाळावा तसा. वडिलांनी नव्या मडक्याच्या अंगावरून नख फिरवलं. तिथे काही नव्हतं. घरी येऊन तार तापवली, खापरावरचा कण घेतला, ज्योतीत धरला.

पिवळा उसळला. अंगणातल्या तुळशीची पानं काळी झाली.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी अध्यक्षाला बोलावून तेच दाखवलं. तो तारेजवळ वाकला आणि म्हणाला, "म्हंजे ताईंचा परताप व्हय!" आणि सुटल्यासारखा हसला. गिरणीत, पारावर तीच गोष्ट दोन दिवसांत हसत हसत फिरली. शिकलेल्या बाईनं मिठानं दारू नासवली, याचं गावाला भुताहून अधिक कौतुक वाटलं. ते हसणं मी निमूट घेतलं. यात्रेचं दारूकाम चांगलं झालं म्हणतात. निळ्याला लोकांनी शिट्ट्या मारल्या म्हणे. त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. मला आठवते ती यात्रेच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ.

वडील आणि मी मावशीच्या घरी गेलो. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "वैनी, माझं चुकलं. तुमच्या हातात काही नव्हतं. उद्या औटगोळ्यांत चांदण्या तुम्ही भरायच्या. मी दुसऱ्या कुणाच्या हातानं भरणार नाही."

मावशी आतल्या अंधारात खाटेवर बसलेली. लाइट गेलेले होते. 

"मावशी, तो उजेड मिठाचा होता," मी म्हणाले. "मी टाकलं होतं. दाखवते."

मी स्पिरिटचा दिवा जमिनीवर ठेवला, पेटवला. फिकी निळी ज्योत, खोलीत नुसती हलल्यासारखी. पदराचं मीठ सोडलं आणि चिमूटभर वातीवर टाकलं.

खोली पिवळी झाली. त्या रानातल्यापेक्षाही जास्त, कारण इथे दुसरा कुठलाच उजेड नव्हता. देव्हाऱ्यातलं कुंकू काळं पडलं. गोधडीवरचे सगळे रंग एकमेकांत विरले. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि तो कित्येक वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा होता. माझाही तसाच असणार, कारण ती माझ्याकडे मी कोण हे विसरल्यासारखी बघत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, माझ्या पाठीशी. मी वळून पाहिलं नाही. पाहू शकले नाही.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्योच उजेड."

"मीठ आहे, मावशी. स्वयंपाकाचं. त्यातला धातू तापतो आणि असा जळतो. कुणीही टाकलं तरी असाच. बघा."

मी पुन्हा चिमूट टाकली. ज्योत पुन्हा भरून आली, तंतोतंत तशीच. तिनं हात पुढे केला. मी थोडं मीठ तिच्या तळहातावर दिलं. तिनं स्वतः टाकलं. तसाच. पुन्हा टाकलं, आणि दर वेळी ती ज्योतीकडे न बघता माझ्या मागे बघायची, थांबायची. तिसऱ्या खेपेला तिचा हात रिकामाच पुढे आला आणि अधांतरी राहिला.

"मंग त्यो आलाच न्हवता?"

मी काय केलं आहे ते मला तेव्हा कळलं. गावानं तिचं काम काढून घेतलं होतं. ते मी परत आणलं होतं. पण त्या पाच-सहा संध्याकाळी जोत्यावर जे तिच्या शेजारी बसत होतं, ते आता मी काढून घेत होते, आणि परत देण्यासारखं माझ्या पदरात मिठाशिवाय काही नव्हतं. खोटं बोलावं असं वाटलं. बाहेर वडील खाकरले.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "मीठ होतं."

 वातीवरचं मीठ संपत आलं होतं. पिवळ्याच्या बुडाशी मूळची निळी ज्योत हळूहळू दिसू लागली. तिच्या लुगड्याच्या किनारीत अजून लाल आला नव्हता. तिनं भाकरीचं टोपलं जवळ ओढलं, त्यातला वाळका तुकडा उचलला, त्याचा कोर मोडून तोंडात घातला. बराच वेळ ती त्या ज्योतीकडे बघत राहिली, पहिल्यांदाच थेट ज्योतीकडे, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली,

"विझव."